वधूपित्याची पहिली दोन मिनिटं

लग्नाला पाच आठवडे राहिले होते तेव्हा लेक म्हणाली, ‘बाबा, रिसेप्शनला सुरुवातीला तुम्ही बोला. दोनच मिनिटं. दोन्हीकडच्या लोकांचं स्वागत करायचं, एवढंच.’

मी लगेच हो म्हणालो. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, बोलण्याची भीती कधी वाटली नाही. त्याच रात्री वही घेऊन बसलो आणि दहा मिनिटांत एक पान लिहून काढलं. सकाळी बायकोला वाचून दाखवलं. ती पोहे ढवळत ऐकत होती. माझं वाचून झाल्यावर तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, ‘अहो, यात स्वागत कुठंय? तुम्ही तर सुरुवातीपासून माफीच मागताय.’

मी पान पुन्हा वाचलं. तिसऱ्या वाक्यात ‘आमच्या ऐपतीप्रमाणे’ होतं, पाचव्यात ‘गोड मानून घ्या’, आठव्यात ‘काही उणं-दुणं राहिलं असेल तर पदरात घ्या’, आणि सगळ्यात शेवटी ‘आमची पोर तुमच्या ओटीत घालतोय, सांभाळून घ्या’. यातलं एकही वाक्य मी ठरवून लिहिलं नव्हतं. ती आपोआप आली होती. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीच्या लग्नात, मांडवाच्या दारात उभं राहून, हात जोडून हीच वाक्यं म्हटली होती. त्यांच्या वडिलांनी आत्याच्या लग्नात म्हटली असणार. आपल्याकडे मुलीच्या बापाला माईक मिळायला लागून फार दिवस झालेले नाहीत. पण भाषण मात्र त्याच्यासाठी आधीपासून तयार आहे आणि ते विनवणीचं आहे.

ते किती जुनं आहे हे मला लग्नाच्या तयारीतच कळलं. विधी कोणकोणते करायचे हे ठरवायला गुरुजी घरी आले होते. लेक शेजारी बसून प्रत्येक विधीचा अर्थ विचारत होती. गुरुजी झालीपाशी आले. झाल म्हणजे ऐरणीदान. वेळूच्या सुपलीवजा टोपलीत पेटते दिवे ठेवून ती वराकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर टेकवतात आणि मुलगी त्यांच्या स्वाधीन करतात. त्या वेळी वधूपित्यानं म्हणायचा श्लोक गुरुजींनी म्हणून दाखवला:

‘अष्टवर्षा त्वियं कन्या पुत्रवत् पालिता मया।
इदानीं तव पुत्राय दत्ता स्नेहेन पाल्यताम्॥’

आठ वर्षांची ही मुलगी मी मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली, मायेनं सांभाळा. लेक एकोणतीस वर्षांची. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आठ वर्षांची असते तर मलाही तुम्ही असंच म्हणावंसं वाटलं असतं.’ मला तिचं ते म्हणणं फार खरं वाटलं. ज्या बापानं हा श्लोक पहिल्यांदा म्हटला असेल, त्याच्या हातात खरोखरच एक लहान पोर होती आणि समोर अनोळखी घर. त्याच्याजवळ विनवणीखेरीज दुसरं काही नव्हतं. त्याच्या शब्दांचा मला राग नाही. पण पोर मोठी झाली, स्वतःचं घर स्वतः निवडायला लागली, तरी बापाचे शब्द तिथंच थांबलेत. आणि त्याच लग्नातलं बापाचं दुसरं वाक्य आपण विसरतो. कन्यादानाच्या वेळी तो जावयाला सांगतो की धर्म, अर्थ, काम या कशातच हिला ओलांडून जायचं नाही. जावयानं उत्तर द्यायचं, ‘नातिचरामि’, नाही ओलांडणार. तिथं बाप ताठ उभा असतो. संध्याकाळी माईक हातात आला की त्याचीच मान खाली जाते.

म्हणून पहिलं पान फाडलं.

आमचं लग्न मिरजेत. जावई धारवाडचा, घरात कन्नड. रिसेप्शनचा खर्च दोन्ही घरांनी निम्मानिम्मा केलेला. त्यामुळं एक साधा प्रश्न उभा राहिला, तो म्हणजे पाहुणे कोण? ‘मुलाकडच्या मंडळींचं आम्ही स्वागत करतो’ म्हणावं तर ते स्वतःच यजमान. ‘सर्वांचं स्वागत’ म्हणावं तर ते कुणाचंच होत नाही. दोन-अडीचशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला आपल्याला कुणीतरी पाहिलंय असं वाटलं पाहिजे, आणि गल्लीतल्या माणसालाही तेवढंच.

यावर बहुतेक लोक नावांची यादी हा उपाय करतात. तो मी जवळून पाहिलेला आहे. आमच्या नात्यातल्या एका लग्नात मुलीच्या वडिलांनी चाळीसेक नावं वाचली. अकरा मिनिटं लागली. पहिल्या दहा नावांना टाळ्या पडल्या, पुढं लोक आपापसात बोलू लागले, आणि शेवटी लक्षात आलं की मुलीच्या एका मामाचं नाव राहिलं. तो मामा न जेवता निघून गेला. वडिलांना ते अजून लागून आहे. यादीचा दोष हाच आहे. चाळीस नावं घेतली की एकेचाळिसावा दुखावतो. एकही नाव घेतलं नाही तर कुणी दुखावत नाही, पण कुणी सुखावतही नाही.

मी वहीत दोन घरांची माणसं दोन बाजूंना लिहिली. लिहिताना दिसलं की दोन्हीकडे अगदी वर एकेक म्हातारी बाई आहे. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आणि व्याह्यांची आई एकोणऐंशी. हॉलमधलं जवळजवळ प्रत्येक नातं या दोघींपैकी एकीशी जाऊन मिळत होतं. त्यांच्याकडे तिला अज्जी म्हणतात, आमच्याकडे आजी. शब्द तोच, त्यांच्याकडे त्यातल्या ज वर जोर आहे एवढंच. या दोघींना नमस्कार केला की खालच्या सगळ्यांना तो पोचतो, आणि वडीलधाऱ्या बाईला पहिला मान दिला म्हणून कुणी रुसत नाही. माझा मानपानाचा प्रश्न सुटला. व्याही-विहीणबाईंनाही आधी फोन करून हे सांगितलं. त्यांची नावं मागून येणार आहेत हे त्यांना स्टेजवर उभं असताना कळणं बरं नव्हे.

त्या फोनवर मी आणखी एक गोष्ट विचारली. जावयाचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं नाव घ्यावं का? शुभकार्यात गेलेल्या माणसाचं नाव कशाला, असं आमच्याकडे दोघातिघांनी सुचवलं होतं. मला ते पटत नव्हतं. देवक बसवताना नांदीश्राद्धात आपण पितरांनाच तर आधी बोलावतो. मग सकाळी विधीत बोलावलेल्यांना संध्याकाळी का वगळायचं? पण माझ्या पटण्यानं भागत नाही, अज्जी समोर बसणार होत्या. व्याही थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘घ्या. पण गेले ते सांगू नका. मिरजेला आले होते ते सांगा.’

मग त्यांनी ती हकिकत सांगितली. आजोबांना गाण्याचं वेड. धारवाड-हुबळीच्या मुलखात ते घरोघरी असतं. कुंदगोळचे सवाई गंधर्व शिकले ते अब्दुल करीम खाँसाहेबांकडे, आणि खाँसाहेबांचं घर मिरजेत. गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी हे पुढं सवाई गंधर्वांचे शिष्य. म्हणजे तिकडचा सूर आणि इकडचा सूर एकाच घरातला. आजोबा काही गवई नव्हते, पोस्टात नोकरीला होते. पण पैसे साठवून ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आले, तंबोरा घेतला आणि तेव्हाच्या मीटरगेज गाडीनं धारवाडला नेला. भोपळ्याला तडा जाऊ नये म्हणून तो घरून आणलेल्या गोधडीत गुंडाळला होता. बसायला जागा होती ती तंबोऱ्याला दिली आणि स्वतः बेळगावपर्यंत उभे राहिले. तो तंबोरा अजून त्यांच्या माडीवर आहे.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. या दोन घरांची पहिली गाठ आमच्या पोरांनी बांधली असं मी समजत होतो.

आता भाषेचं. लेकीनं सांगितलं, एक तरी वाक्य कन्नडमध्ये बोला. मी पुस्तक बघून ‘तमगेल्लरिगू हार्दिक स्वागत’ असं पाठ केलं आणि जावयाच्या आत्याला फोनवर म्हणून दाखवलं. त्यांना मराठी चांगलं येतं. त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे हो, पण बस स्टँडवरच्या पाटीसारखं वाटतं. आमच्याकडे घरी आलेल्याला बर्री म्हणतात, आणि जाणाऱ्याला ऊटा माडि होग्री.’ या, आणि जेवून जा. दुसरं सांगितलं ते उच्चाराचं. मराठी जीभ शब्दाच्या शेवटचा अ गिळून टाकते. आपण ‘नमस्कार्’ म्हणतो, कन्नडमध्ये तो अ ऐकू आला पाहिजे, म्हणून कानाला ‘नमस्कारा’ असं लागतं. ‘ऊट’चंही तसंच. मी वहीत ते शब्द ऐकू आले तसेच लिहून घेतले. व्याह्यांना तिकडे ‘बीगरू’ म्हणतात, तोही शब्द घेतला. तीन वाक्यांपुढे गेलो नाही. परक्या भाषेत तीन वाक्यं बोललं तर लोक मायेनं ऐकतात. दहा बोललं तर त्यांना आपल्या चुका सांभाळत बसावं लागतं.

शेवटी जे लिहिलं ते असं:

‘नमस्कार. एल्लरिगू नमस्कारा.

मी वधूचा बाबा. पहिल्या रांगेत दोन आज्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. धारवाडच्या अज्जी आणि मिरजेची आजी. आज या हॉलमध्ये जो कुणी आहे, तो या दोघींपैकी एकीच्या तरी घरातला आहे, शेजारातला आहे, नाहीतर त्यांच्या नातवंडांचा मित्र आहे. म्हणून पहिला नमस्कार या दोघींना.

धारवाड, हुबळी, गदगहून मंडळी पहाटे अंधारात निघून आली आहेत. बर्री. मिरज-सांगलीची मंडळी गेले आठ दिवस आमच्या घरी राबत आहेत, त्यांना या म्हणायची गरज नाही, ती घरचीच आहेत. पुण्याहून, बेंगळुरूहून मुलांचे मित्र आलेत. या दोघांची ओळख आमच्याआधी तुम्हाला होती, तेव्हा आज तुम्हीही घरचेच.

आमचे व्याही, आमच्या विहीणबाई, आमचे बीगरू. आपली ओळख वर्षभराची. पण परवा मला कळलं की जावयांचे आजोबा आमच्या मिरजेत येऊन तंबोरा घेऊन गेले होते. स्वतः उभे राहिले आणि तंबोऱ्याला बसायला जागा दिली. अशा घरात माझी मुलगी जाते आहे, आणि अशा घरातला मुलगा आमच्याकडे येतो आहे.

दोन्ही घरांनी मिळून आज जेवण केलं आहे. ऊटा माडि होग्री. जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही.’

एवढंच. ‘मुलगी दिली’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम टाळला. मराठीत मुलगी ‘देतात’ आणि सून ‘करतात’, दोन्ही क्रिया घरांच्या, मुलीची एकही नाही. ‘जाते आहे’ म्हटलं की ती स्वतःच्या पायांनी जाते. आणि त्याच वाक्यात ‘येतो आहे’ आल्यामुळं दोन्ही बाजूंचा तोल राहिला. हे वाक्य मला सगळ्यात उशिरा, लग्नाच्या चार दिवस आधी सुचलं.

मग गच्चीवर जाऊन घड्याळ लावून वाचलं. सव्वा मिनिट लागलं, आणि ते चुकीचं होतं, कारण घरात आपण भराभर वाचतो. माईकवर आवाज हॉलच्या मागच्या भिंतीला लागून परत येतो, तो येईपर्यंत थांबावं लागतं. प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास मोजत वाचलं तेव्हा दोन मिनिटं भरली. आमच्या हॉलवर काम करणाऱ्या साउंडवाल्या पोरानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. माईक हनुवटीजवळ धरा आणि स्पीकरच्या पुढं येऊ नका, नाहीतर शिट्टी वाजते. आणि पहिलं वाक्य कुणाला ऐकू जात नाही, त्यात कामाचं काही ठेवू नका. म्हणूनच पहिल्या ओळीत नुसता दोन वेळा नमस्कार आहे. लोक मान वळवतात, सनई बंद होते, लहान पोरांना कुणीतरी गप्प करतं, तेवढा वेळ त्या नमस्कारात जातो.

वेळेचंही आधी ठरवून घेतलं. स्टेजवर भेटणाऱ्यांची रांग एकदा लागली की भाषण संपलंच म्हणायचं. रांगेतल्या माणसाच्या हातात पाकीट असतं, मागं जेवणाचा वास असतो, त्याला बोलणं नको असतं. कार्डावर सातची वेळ होती. नवरा-नवरी सव्वासातला स्टेजवर आली, फोटोवाल्याला आम्ही थांबायला सांगितलं आणि केटररलाही सांगून ठेवलं की माझं बोलणं होईपर्यंत झाकणं काढू नका. त्यानं ऐकलं. साडेतीनशे माणसं बसलेली होती आणि अजून कुणी उठलेलं नव्हतं.

बोललो. कागद खिशात होता, हातात नव्हता. ‘एल्लरिगू नमस्कारा’ म्हटल्यावर डावीकडच्या खुर्च्यांमधून एकदम आवाज उठला, तो मला अजून ऐकू येतो. तंबोऱ्याच्या वाक्याला मी अज्जींकडे पाहिलं नाही. तसं व्याह्यांनीच सांगितलं होतं. जावयाकडे पाहिलं. तो खाली बघत होता आणि माझी लेक त्याच्याकडे. एक चूक झाली. ‘गदग’ म्हणायचं राहिलं. उतरल्यावर लगेच आठवलं आणि पोटात गोळा आला. गदगचे लोक कुठं बसलेत ते आत्यांना विचारून घेतलं, जाऊन भेटलो, हात धरून ‘बर्री’ म्हटलं. सातजण होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि कुठून कसे आलो ते सविस्तर सांगितलं. जवळ जाऊन भेटता आलं, म्हणून ती चूक निस्तरता आली. चाळीस नावांच्या यादीत राहिलेलं माणूस शोधायला कुणाकडे जाणार होतो?

रात्री साडेदहाला हॉल रिकामा होत आला. धारवाडच्या बसचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न देऊन गेला होता. मी सामान मोजत होतो आणि मागं पाहिलं तर माझी आई खुर्चीतून उठून अज्जींसमोर उभी होती, काठी बगलेत, दोन्ही हात जोडलेले. तिनं साठ वर्षं नणंदांच्या, पुतण्यांच्या, मुलीच्या लग्नात जे म्हटलं तेच ती म्हणत होती, ‘आमच्या हातनं काही उणं-दुणं…’

अज्जींनी तिचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि खाली केले. आईचं वाक्य अर्धंच राहिलं. मग अज्जींनी विचारलं, ‘निम्दु ऊटा आतेन्री?’

आईला कन्नड येत नाही. पण ऊटा तिनं संध्याकाळी माझ्या तोंडून ऐकलेलं होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली. अज्जींनी मान वळवून, बसकडे निघालेल्या आपल्या मुलाला हाक मारली, दोन बोटं वर केली आणि स्वतःच्या शेजारची खुर्ची पुसली.